रॉड रोइंगला विंग्सच्या आधी कंबर थकते, मग करायचं काय?

*"ताई, वय 33, वजन 74 किलो, आयटीत आहे, दिवसभर खुर्ची. दीड वर्ष झालं जिमला जातोय. सोमवारी डेडलिफ्ट, मंगळवारी बॅक, गुरुवारी स्क्वॉट असं चालू आहे. मंगळवारी रॉड रोइंग करतो, 60 किलो, 4 सेट, 10 रेप. तिसऱ्या सेटपासून कंबर अशी भरून येते की विंग्सना काही लागतच नाही. बुधवारी सकाळी बेसिनवर वाकून तोंड धुताना कंबर आखडलेली असते. पायात कळ वगैरे काही नाही. ट्रेनर म्हणतात कंबर कमजोर आहे, रोइंग करूनच मजबूत होईल. मित्र म्हणतो बेंचवर छाती टेकवून कर. पण आधार घेऊन केलं तर ते चीटिंगच ना? बाजूने काढलेला व्हिडिओ पाठवतोय. काय करू?"*

मित्रा, व्हिडिओ पाठवलास हे फार बरं केलंस, आणि तोही बाजूने काढलेला, कारण समोरून काढलेल्या व्हिडिओत रोइंगमधलं काहीच कळत नाही. मी तो चारपाच वेळा थांबवून थांबवून बघितला. तुझ्या मागच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला निळ्या टाइल्सची एक पट्टी आहे बघ. पहिल्या रेपला तुझा खांदा त्या पट्टीच्या अगदी रेषेत आहे, पाठ साधारण 45 अंशात, रॉड बेंबीपाशी लागतोय, छान रेप आहे. पाचव्या रेपला खांदा पट्टीच्या वीतभर वर गेलाय. आठव्याला तू जवळजवळ उभाच आहेस, गुडघ्यातून एक हिसका देतोयस आणि रॉड बेंबीऐवजी मांडीच्या वरच्या भागावर आपटतोय. म्हणजे दहा रेपच्या सेटमधले खऱ्या अर्थाने रोइंगचे रेप चार, फार तर पाच, बाकीचे श्रग आणि हिसका यांचं मिश्रण.

आता हे तू मुद्दाम करत नाहीयेस. तुझी कंबर थकतेय आणि शरीर तिच्यावरचा भार कमी करायचा रस्ता आपोआप शोधतंय. तू जितका सरळ होशील तितका कमरेला आराम, आणि तितकाच विंग्सचा वाटा कमी. म्हणून "विंग्सना काही लागतच नाही" हे तुझं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे.

पण त्यावरून "कंबर कमजोर" हा निष्कर्ष मला पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगते.

रॉड रोइंग हा दिसायला एक व्यायाम असला तरी त्यात दोन कामं एकाच वेळी चालू असतात. हात आणि विंग्स रॉड वर ओढतात, ते हलणारं काम. आणि कंबर, कुल्ले, मांडीमागचे स्नायू तुझं वाकलेलं धड जागच्या जागी धरून ठेवतात, ते न हलणारं काम. हे दुसरं काम दिसत नाही म्हणून आपण ते मोजत नाही. एक रेप चार सेकंदांचा धरला तर दहा रेपला 40 सेकंद, चार सेटला मिळून अडीच मिनिटांच्या वर तुझी कंबर वजन धरून ताटकळते, आणि त्यात तिला मधे सुट्टी नाही. विंग्सना निदान रॉड खाली गेला की क्षणभर श्वास घेता येतो, कंबरेला तेही नाही.

आणि धरते किती, तर ढोबळ हिशोब करून बघू. पाठ 45 अंशात असताना हात सरळ खाली लोंबतात, म्हणजे रॉड खांद्याच्या बरोबर खाली येतो. कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्यापासून खांद्यापर्यंत तुझं धड समजा 40 सेंटीमीटर, तर त्या कोनात रॉड कमरेच्या 28 सेंटीमीटर पुढे लोंबतोय. पाठीच्या कण्याला धरून ठेवणारे स्नायू मात्र कण्याला अगदी चिकटून, पाचसहा सेंटीमीटरवर असतात. म्हणजे पुढच्या प्रत्येक किलोला त्यांना साधारण पाच किलोच्या जोराने मागे ओढावं लागतं. 60 किलोचे झाले 300. त्यात तुझ्या स्वतःच्या डोक्या-धडाचं वजन पुढे झुकलेलं आहेच, त्याचे आणखी सत्तर-ऐंशी धर. साडेतीनशे किलोच्या वर ओढ, तीही अडीच मिनिटं, आणि आदल्या दिवशी हेच स्नायू डेडलिफ्ट करून आलेत. हे ऐकून घाबरू नकोस हं, निरोगी कंबर हे सहज पेलते, सवयीने आणखी पेलते, त्यात मोडण्यासारखं काही नाही. मुद्दा एवढाच की तिसऱ्या सेटला थकणारी कंबर कमजोरच असेल असं नाही, ती फक्त आधीच कामावर होती.

याच हिशोबातून अजून एक गोष्ट निघते जी जिममध्ये फारशी कुणी सांगत नाही. रॉड तळाला असतो तेव्हा तो कमरेपासून सगळ्यात लांब असतो. तू तो बेंबीकडे ओढतोस तसा तो मागे, कमरेच्या जवळ येतो. म्हणजे कमरेला सगळ्यात जड जागा तळाची, आणि विंग्सना सगळ्यात जड जागा वरची, शेवटची वीतभर. आता थकल्यावर आपण हिसका कुठे देतो? तळाला! म्हणजे जिथे कंबर आधीच सगळ्यात जास्त ताणलेली आहे बरोब्बर तिथेच आपण जास्तीचा झटका टाकतो, आणि तोही वर विंग्सला काम कमी पडावं म्हणून. तुझ्या व्हिडिओतला सातवा आणि आठवा रेप मला त्यासाठीच खटकला, पाठ गोल झाली म्हणून नाही, ती तशी ठीक राहिलीये.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये तीन प्रकारच्या रोइंगची तुलना छापली होती. वाकून केलेलं रॉड रोइंग, बारखाली लोंबकळून छाती बारकडे ओढायचं उलटं रोइंग, आणि उभं राहून एका हाताने केबल ओढणं. वाकून केलेल्या रोइंगमध्ये वरच्या आणि खालच्या दोन्ही पाठीचे स्नायू भरपूर काम करत होते, पण कमरेच्या मणक्यावरचा भारही तिघांत सगळ्यात जास्त तिथेच होता. उलट्या रोइंगमध्ये वरच्या पाठीला चांगलं काम मिळालं आणि मणक्यावर भार सगळ्यात कमी आला. छाती टेकवून करायचं रोइंग त्यात नव्हतं, त्यामुळे त्याचा आकडा मी तुला त्यातून काढून देणार नाही, पण त्यातून एवढं नक्की दिसतं की वरच्या पाठीला भरपूर काम द्यायला कमरेवर भार टाकावाच लागतो असं नाही, या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात.

छाती टेकवलीस की नेमकं हेच होतं. हातातलं वजन खांद्यातून बरगड्यांवर येतं, बरगड्यांतून बेंचच्या गादीवर आणि तिथून जमिनीत. पुढे झुकलेलं धड धरून ठेवायचं काम गादीने घेतलं, कंबर मधल्यामधे मोकळी झाली. आता सेट कधी संपतो, तर विंग्स आणि खांद्याच्या पात्यांमधले स्नायू थकले की. मग यात चीटिंग ते कुठे? उलट तुझे आठवा-नववा-दहावा रेप बघितलेस तर चीटिंग तिकडे चाललंय, इकडे हिसका द्यायला जागाच उरत नाही. म्हणूनच तू पहिल्यांदा करशील तेव्हा वजन एकदम खाली येईल, 60 वरून दोन्ही हातांत मिळून 35-40 किलोवर, आणि तुला वाटेल ताकद गेली. ताकद कुठेही गेलेली नाही, हिसक्याचं आणि उभं राहण्याचं वजन तेवढं वजा झालंय. दोन्ही रोइंगचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचेच नाहीत, वहीत वेगळी पानं ठेव.

तरी "मित्र बरोबर, ट्रेनर चूक" असंही मी म्हणणार नाही. छाती टेकवल्यावर एक गोष्ट खरोखर हातची जाते. खुब्यातून वाकून, पाठ सरळ ठेवून, वजन धरून राहायची कंबरेची चिकाटी त्यातून येत नाही. ती डेडलिफ्टला लागते, घरात सिलेंडर हलवायला लागते, लहान पोराला उचलून घ्यायला लागते. तुझ्या आठवड्यात डेडलिफ्ट आहे, स्क्वॉट आहे, म्हणजे तुझ्या कंबरेला ते काम मिळतंय, म्हणून तुला मंगळवारी रोइंगमधून ते परत घ्यायची गरज नाही. पण हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या आठवड्यात डेडलिफ्ट किंवा तसं काहीच नाही, सगळं मशीनवर बसून चाललंय, त्यांना मी उलटा सल्ला देईन. त्यांनी वाकून रोइंग हलक्या वजनाने जरूर करावं, कारण त्यांच्या कंबरेला तो एवढाच अभ्यास मिळणार आहे. म्हणजे प्रश्न कुठलं रोइंग भारी हा नाहीच, तुझी कंबर त्या आठवड्यात आधी काय काय करून आलीये हा आहे.

तर तुझ्यासाठी सहा आठवडे असं कर. सोमवारची डेडलिफ्ट तशीच. मंगळवारी रॉड रोइंग बंद, त्याजागी बेंचवर छाती टेकवून डंबेल रोइंग, प्रत्येक हातात 17.5 किलो, 3 सेट, 10 ते 12 रेप, वर एक सेकंद थांबून. तिन्ही सेटला 12 झाले की पुढच्या आठवड्यात 20. इथे तू अगदी शेवटच्या रेपपर्यंत जाऊ शकतोस, हात अडकला तर डंबेल खाली रबरवर ठेवायचे, बाकी काही होत नाही. गुरुवारी स्क्वॉट. आणि शनिवारी, कमरेला शुक्रवारची सुट्टी मिळाल्यावर, वाकून रॉड रोइंग पण 40 किलोने, 3 सेट, फक्त 8 रेप. 40 ऐकून तोंड वाकडं करू नकोस, त्याचं काम वेगळं आहे, पुढे सांगते.

आधी बेंच. बेंचची पाठ 30 ते 45 अंशात लाव. त्याहून उभी केलीस तर ओढ वरच्या दिशेने जाते आणि मानेजवळचे स्नायूच काम करतात, त्याहून आडवी केलीस तर हात सरळ होण्याआधीच डंबेल जमिनीला लागतात. पालथं झोपताना छातीचं मधलं हाड गादीच्या वरच्या टोकापाशी आलं पाहिजे, हनुवटी टोकाच्या बाहेर, म्हणजे मान वर करून बघावं लागत नाही. पोट शक्यतो गादीवर दाबलं जाणार नाही असं बघ, नाहीतर श्वास पुरत नाही आणि सेट विंग्सऐवजी धापेने संपतो. (मैत्रिणींना इथे गादीचा दाब नको तिथे येतो, त्यांनी टॉवेलची जाड घडी छातीच्या हाडाच्या रेषेत उभी ठेवावी, बराच फरक पडतो.) पाय मागे, चवडे जमिनीत रोवलेले, कुल्ले आवळलेले. आणि चढण्याआधी बेंच एकदा हलवून बघ, हलके बेंच मागे सरकतात, तसं असेल तर भिंतीला टेकवून लाव.

डंबेल आधीच बेंचच्या दोन्ही बाजूंना, खांद्याच्या खाली येतील असे ठेवून मग झोप. वजन जड झालं की लोक काय करतात, दोन जड डंबेल हातात घेऊन, वाकून, वळून, बेंचवर चढतात, म्हणजे कमरेचं जे वाचवायचं ते चढतानाच खर्च. रेप मारताना कोपर बरगड्यांच्या जवळून मागे, खिशाच्या दिशेने ओढ. आणि छाती गादीवरून उठली की तो रेप मोजायचा नाही. छाती उठते म्हणजे कंबर मागे कमानीसारखी ताणून वजन उचलतेय, गादीचा आधार सुटला आणि भार परत कमरेवर. आधार घेऊनही कंबर दुखते म्हणणारे जे भेटतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं मी हेच बघितलंय. छाती आणि गादीच्या मधे एक नॅपकिन ठेव, तो घसरून खाली पडला की वजन अडीच किलो कमी कर.

आता शनिवारचे ते 40 किलो. आपल्याकडे सगळ्याच वाकण्याला "कमरेत वाक" म्हणतात, आणि जिममध्येही तेच ऐकून माणूस खरोखर कमरेत वाकतो. वाकायचं आहे खुब्याच्या सांध्यातून. गुडघे थोडे सैल, ढुंगण मागे, जसं हातात दोन पिशव्या असताना मागच्या दाराला ढुंगणाने ढकलतो तसं, आणि मांडीच्या मागे ताण जाणवला की तिथे थांब. तुझा कोन तोच, त्याच्या खाली गेलास तर कंबर गोल व्हायला लागणार. पोटात श्वास भरून पोट घट्ट कर, रॉड बेंबीकडे, खाली दोन सेकंदांत सोड. आठही रेप खांदा त्या टाइल्सच्या पट्टीवर राहिला पाहिजे, एवढंच शनिवारचं लक्ष्य आहे. तिन्ही सेट तसे झाले तर पुढच्या शनिवारी अडीच किलो वाढव, नाही झाले तर वजन तेच. आणि हो, तुमच्या जिममधला रॉड खरंच 20 किलोचा आहे का ते एकदा काट्यावर ठेवून बघ, आपल्याकडच्या जिममध्ये 12 पासून 20 पर्यंत सगळं सापडतं आणि सगळ्याला 20 च म्हणतात.

कुणाला बेंच मिळत नसेल किंवा रॉडच आवडत असेल तर मधला एक रस्ता आहे, पेंडले रोइंग, अमेरिकन वेटलिफ्टिंग कोच ग्लेन पेंडले यांच्या नावाचं. पाठ जवळजवळ जमिनीला समांतर आणि प्रत्येक रेपनंतर रॉड पूर्ण जमिनीवर टेकवायचा. कोन जास्त आडवा म्हणून उचलतानाचा भार जास्त, पण दर रेपला कंबरेला क्षणभर सुट्टी मिळते, ताटकळणं नाही. तुला मात्र आत्ता नको, तुझ्या मांडीमागचे स्नायू ताठ आहेत, इतकं खाली पाठ सरळ राहणार नाही.

बुधवारच्या बेसिनबद्दल. रात्रभर आडवं राहून मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून जाडसर झालेल्या असतात, त्यामुळे उठल्याउठल्या वाकणं सगळ्यांनाच जास्त ताणतं, आदल्या दोन दिवसांचं काम अंगात असेल तर आणखीच. तो आखडलेपणा अर्ध्याएक तासात, चालल्याफिरल्यावर जात असेल तर मी फार चिंता करणार नाही. बेसिनवर एक हात टेकव, गुडघे थोडे वाकव. तू वेळ लिहिली नाहीस, पण उठून वीस मिनिटांत जिममध्ये पोचणारा असशील तर डेडलिफ्ट आणि रॉड रोइंग पहिल्याच व्यायामाला घेऊ नकोस, तासभर तरी उभं-चालतं होऊ दे.

थकवा आणि दुखणं यातला फरक मात्र नीट ओळखायला शिक. थकवा दोन्ही बाजूंना सारखा, पसरलेला, सेट संपवून दोनचार मिनिटं फिरलं की उतरणारा. एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, एका बाजूलाच, शिंकताना-खोकताना चमकणारं, दिवसेंदिवस वाढणारं, ते थकवा नाही, तेव्हा दोन्ही रोइंग थांबव आणि डॉक्टरला किंवा फिजिओला दाखव. कळ कुल्ल्यातून गुडघ्याच्या खाली उतरली, पाय बधिर झाला, पाऊल उचलताना जड वाटलं तर आठवडाभर वाट बघायची नाही. आणि लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागेला मुंग्या-बधिरपणा आला तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल.

ट्रेनरशी भांडू नकोस. त्यांना म्हण, "सर, कंबरेसाठी शनिवारी 40 ने करतोय, माझा कोन तेवढा बघाल का?" बाजूला उभं राहून खांदा वर गेला की थांबवणारं माणूस मिळालं तर सहा आठवड्यांचं काम चार आठवड्यांत होतं. सहा आठवडे झाले की मंगळवारचं काहीही न बदलता शनिवारी एकदा 50 किलो लाव, आठ रेप मार, आणि कॅमेरा त्याच स्टुलावर ठेवून त्याच पट्टीसमोर व्हिडिओ काढ. आठव्या रेपला खांदा कुठे आहे ते मला बघायचंय, पाठव.